आकडा स्वॅबचा, प्रश्न रुग्णाचा

करोनाची दुसरी लाट चढत होती तेव्हा, २०२१ मध्ये, महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला, म्हणजे आयसीएमआरला, एक नेमका प्रश्न विचारला होता. आरटी-पीसीआर चाचणीत पॉझिटिव्ह ठरवण्याची सीटीची मर्यादा ३५ वरून २४ वर आणता येईल का? एप्रिलमध्ये उत्तर आलं ते नकाराचं. मर्यादा इतकी खाली आणली तर ज्यांच्याकडून संसर्ग पसरू शकतो असे अनेक रुग्ण निसटतील, म्हणून ३५ आणि त्याखालचा सीटी पॉझिटिव्ह धरावा, त्यावरचा निगेटिव्ह, असं परिषदेने कळवलं.

३५ आणि २४ यांच्यात अकरा सायकलींचं अंतर आहे. दर सायकलीला नळीतल्या प्रती दुप्पट होतात, म्हणजे या दोन रेघांच्या मध्ये विषाणूच्या आरएनएचं प्रमाण सुमारे २,०४८ पटींनी बदलतं. एवढ्या रुंद पट्ट्यात रेघ कुठे मारायची, हा प्रश्न सरकारी पत्रात मावणारा नव्हता. तो त्याच महिन्यांत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या घराघरांत वेगळ्या शब्दांत विचारला जात होता. रिपोर्ट मोबाइलवर यायचा, त्यात 'पॉझिटिव्ह'च्या पुढे सीटी छापलेला असायचा, आणि घरात तुलना सुरू व्हायची. मुलाचा १८, आईचा २९, म्हणजे आईचं ठीक आहे. त्यात छातीच्या एचआरसीटीचा २५ पैकी स्कोअर वेगळा. तिथे आकडा वाढला की आजार जास्त, इथे आकडा वाढला की विषाणू कमी. अनेक घरांत या दोन्हींना 'सीटी'च म्हणत. रात्री अकराला फॅमिली डॉक्टरला फोन करून "सीटी बावीस आला, घाबरायचं का?" असं कुणी विचारलं, तर आधी कोणता सीटी हे विचारून घ्यावं लागे.

ही पुस्तिका त्या आकड्याबद्दल आहे. प्रयोगशाळेत रन लावणारे तंत्रज्ञ, रिपोर्टवर सही करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि रिपोर्ट वाचून निर्णय घेणारे डॉक्टर या तिघांसाठी ती आहे, आणि ज्याला आपल्या रिपोर्टचा अर्थ लावायचा आहे अशा कुणालाही ती वाचता येईल. पुढची प्रकरणं तपशिलाची आहेत. त्यांत शिरण्याआधी मला इथे एकच गोष्ट पुरेशा विस्ताराने मांडायची आहे. सीटी हे रुग्णाचं मोजमाप नाही. यंत्रातल्या नळीत जे काही पाच मायक्रोलिटर पोहोचलं त्याचं ते मोजमाप आहे. रुग्णाच्या नाकापासून त्या नळीपर्यंतच्या वाटेवर काय काय झालं हे माहीत असेल तरच तो आकडा रुग्णाबद्दल काही सांगतो.

आधी आकडा येतो कसा ते पाहू. विषाणूच्या आरएनएची आधी डीएनए प्रत केली जाते. मग त्या डीएनएचा एक ठरावीक छोटा तुकडा, प्रायमर लावून, तापमान वर-खाली करत पुन्हा पुन्हा दुप्पट केला जातो. प्रत्येक नव्या प्रतीबरोबर एक प्रोब तुटतो आणि थोडा प्रकाश सुटतो. यंत्र दर सायकलीला तो प्रकाश मोजतं. पहिल्या दहा-पंधरा सायकलींत प्रती इतक्या कमी असतात की त्यांचा प्रकाश पार्श्वभूमीच्या चमकेत दिसतच नाही. मग एका टप्प्यावर रेघ वर उचलली जाते, झपाट्याने चढते आणि रसायनं संपत आली की सपाट होते. इंग्रजी एस अक्षरासारखी ही कर्व्ह. पार्श्वभूमीच्या खळबळीच्या बरीच वर, पण चढण अजून जोरात असतानाच, एक आडवी रेघ मारलेली असते. तिचं नाव थ्रेशोल्ड. कर्व्ह ती रेघ ज्या सायकलीला ओलांडते तो सीटी. सुरुवातीला विषाणू जास्त असेल तर रेघ लवकर ओलांडली जाते आणि आकडा लहान येतो.

प्रतिक्रिया अगदी चोख चालली तर दहापट फरक म्हणजे ३.३ सायकली. हे गुणोत्तर एकाच किटच्या एकाच रनमधल्या दोन नमुन्यांना बऱ्यापैकी लागू पडतं. पण थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा हे किटप्रमाणे, यंत्राप्रमाणे आणि कधी कधी रन पाहणाऱ्या माणसाप्रमाणे बदलतं. रेघ थोडी वर सरकवली की प्लेटवरचे सगळे सीटी थोडे वाढतात. शिवाय वेगवेगळी किट विषाणूचे वेगवेगळे जनुक शोधतात. पेशीत विषाणू वाढत असताना तो एन जनुकाचे छोटे आरएनए भरपूर बनवतो. त्यामुळे एकाच नमुन्यात एनचा सीटी २२ आणि ओआरएफ१एबीचा २५ आला तर त्यात विसंगती काही नाही. पण एका प्रयोगशाळेने रिपोर्टवर एनचा आकडा छापला आणि दुसरीने ओआरएफचा, तर त्याच रुग्णाला दुसऱ्या दिवशी 'सुधारणा' दिसेल. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी मध्ये डॉक्टर व्हायरल लोड बिनधास्त वापरतात, कारण तिथे प्रत्येक रनमध्ये ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी तुलना होते आणि उत्तर मिलिलिटरमागे किती, असं एककात येतं. करोनाच्या आरएनएचा पहिला आंतरराष्ट्रीय मानक नमुना जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये प्रस्थापित केला. तोवर आपल्याकडची पहिली लाट ओसरली होती, आणि आपल्या रिपोर्टांवर शेवटपर्यंत छापला गेला तो नुसता सीटी, ज्याला एककच नाही.

आता नाकापासून नळीपर्यंतची वाट. साधारण पद्धत घेऊ. स्वॅब ३ मिलिलिटर व्हीटीएममध्ये बुडवला जातो. त्यातलं २०० मायक्रोलिटर द्रावण आरएनए काढण्यासाठी, म्हणजे एक्स्ट्रॅक्शनला, घेतलं जातं. म्हणजे स्वॅबवर जे काही आलं त्याचा पंधरावा भाग. काढलेला आरएनए ५० मायक्रोलिटरमध्ये गोळा होतो आणि त्यातले ५ मायक्रोलिटर यंत्राच्या नळीत जातात, म्हणजे त्याचाही दहावा भाग. स्वॅबवरच्या विषाणूचा दीडशेवा हिस्सा मोजला जातो, आणि तोही वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरून. स्वॅबवर दहा लाख प्रती असतील तर नळीत साधारण ६,७०० पोहोचतील. एका प्रतीला सीटी ३७ च्या पुढे येतो असं किट असेल, तर या नमुन्याचा सीटी २५ च्या जवळपास निघेल. तोच स्वॅब ३ ऐवजी १ मिलिलिटर द्रावणात बुडवला असता तर नळीत तिप्पट प्रती गेल्या असत्या आणि सीटी दीड सायकल खाली आला असता. रुग्ण तोच, विषाणू तितकाच, बदलली ती फक्त बाटली. २०२० मध्ये चाचण्यांची टंचाई होती तेव्हा पाच नमुने एकत्र तपासायला आयसीएमआरने परवानगी दिली होती. त्या पद्धतीत प्रत्येक नमुना पाचपट पातळ होतो आणि सीटी २.३ सायकलींनी वर सरकतो. एकट्याने ३४ आला असता तो ३६ च्या पुढे जातो.

अगदी वरच्या टोकाला आणखी एक गोष्ट घडते, आणि तिने प्रयोगशाळांची बरीच बदनामी केली आहे. एका ठिकाणी ३७ सीटीचा पॉझिटिव्ह आला, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे निगेटिव्ह, म्हणजे कुणीतरी पैसे काढले, असा आरोप ठाण्यात आणि डोंबिवलीत त्या काळात सर्रास ऐकू यायचा. काही वेळा चूक खरोखरच झालेली असेल. पण द्रावणात प्रती इतक्या विरळ असतील की प्रत्येक पाच मायक्रोलिटरमागे सरासरी एकच प्रत येते, तर तेच द्रावण शंभर नळ्यांत घातलं तरी साधारण ३७ नळ्यांत एकही प्रत पडणार नाही. त्याच बाटलीतून, त्याच हाताने, त्याच यंत्रावर पुन्हा रन लावला तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळा उत्तर निगेटिव्ह येईल. आयसीएमआरने मर्यादा ३५ वर ठेवली तिच्या बाजूने हे एक कारण देता येतं. त्यापुढचा प्रदेश नशिबाचा आहे आणि तिथे उत्तर पुन्हा तेच येईल याची खात्री देता येत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी खुद्द स्वॅब. माझ्या मते या विषयाचा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात दुर्लक्षित भाग इथे आहे. नाकाच्या मागच्या भिंतीपर्यंत कांडी गेली, तिथे काही क्षण थांबली, फिरली, तर तिच्यावर पेशी येतात. घाईत, रुग्ण मागे सरकत असताना, कांडी नाकपुडीतच फिरवून बाहेर काढली तर येतो तो थोडा ओलावा. दोन्ही बाटल्या बाहेरून सारख्याच दिसतात. २०२१ च्या उन्हाळ्यात पीपीई किट घालून सोसायटीच्या तळमजल्यावर दिवसभर उभं राहिलेल्या माणसाच्या हातून काही कांड्या उथळ जाणारच. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे की प्रयोगशाळेला ते कळतं का?

कळू शकतं. त्यासाठी अनेक किटमध्ये विषाणूच्या जनुकांबरोबर माणसाचंही एक जनुक मोजलं जातं, बहुधा आरएनेज पी. माणसाच्या पेशी स्वॅबवर आल्या असतील तर त्याची कर्व्ह वेळेवर उचलते. नसतील तर उशिरा उचलते किंवा उचलतच नाही. किटच्या पत्रकात लिहिलेलं असतं की या कंट्रोलचा सीटी अमुक आकड्याच्या खाली आला तर नमुना वैध. हा आकडा ३५ असतो, काही किटमध्ये त्याहूनही वर. तंत्रज्ञ तेवढं पाहतो, कंट्रोल पास झाला म्हणतो आणि पुढे जातो.

एक उदाहरण आकड्यांसह सोडवून पाहू. डोंबिवलीतल्या एका घरातून आई आणि मुलगा दोघांचे स्वॅब एकाच दिवशी आले, एकाच प्लेटवर लागले, असं समजा. मुलाच्या नमुन्यात एन जनुकाचा सीटी २७ आणि आरएनेज पीचा २४. आईच्या नमुन्यात एनचा ३१ आणि आरएनेज पीचा ३३. रिपोर्टवर फक्त एनचा आकडा जाणार: मुलगा २७, आई ३१. घरात निष्कर्ष निघणार की आईचा विषाणू मुलाच्या सोळाव्या हिश्शाइतका आहे. चार सायकलींचा हिशेब तेच सांगतो.

आता दुसरा रकाना वाचा. मुलाच्या नमुन्यात विषाणूची कर्व्ह माणसाच्या जनुकानंतर तीन सायकलींनी उचलते. आईच्या नमुन्यात ती माणसाच्या जनुकाच्या दोन सायकली आधी उचलते. दोन्ही मिळून पाच सायकलींचं अंतर, आणि तेही उलट्या दिशेने. माणसाच्या पेशींच्या तुलनेत पाहिलं तर आईच्या नमुन्यात मुलापेक्षा ३२ पट विषाणू आहे. त्या प्लेटवरचे चांगले स्वॅब आरएनेज पीला २४ ते २६ च्या दरम्यान येत असतील, तर आईचा ३३ हा त्यांच्यापेक्षा सुमारे आठ सायकली उशिरा आहे, म्हणजे तिच्या स्वॅबवर इतरांच्या अडीचशेव्या हिश्शाइतक्याच पेशी आल्या. स्वॅब नीट घेतला गेला असता आणि विषाणूही त्याच प्रमाणात आला असता, तर तिचा एन २३ च्या आसपास दिसला असता.

हा हिशेब तंतोतंत खरा मानू नका. दोन जनुकांच्या प्रतिक्रिया सारख्याच वेगाने चालतात असं नाही, आणि विषाणू फक्त पेशींत नसतो, पेशीबाहेरच्या स्रावातही असतो. म्हणून आईचा सीटी 'दुरुस्त करून' २३ छापावा असं मी म्हणणार नाही. पण तिच्या रिपोर्टवर नमुना अपुरा असल्याची एक ओळ यायला हवी, आणि तिच्या डॉक्टरने ३१ वर विसंबून तिला सौम्य गटात टाकू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

याच आईची दुसरी शक्यता घ्या. आजाराचा सुरुवातीचा दिवस आहे, आणि चांगल्या स्वॅबवरही तिचा एन ३३ च आला असता. उथळ स्वॅबने त्यात आठ सायकली वाढतील आणि चाळीस सायकलींच्या रनमध्ये कर्व्ह उचलणारच नाही. आरएनेज पी ३३, कंट्रोल पास, रिपोर्ट निगेटिव्ह. पत्रकाचे सगळे नियम पाळून एक खोटा निगेटिव्ह बाहेर पडला. कंट्रोल पास होणं आणि नमुना चांगला असणं यांत एवढं अंतर आहे. म्हणूनच पुढे 'रोजचा रन' या प्रकरणात आम्ही आग्रह धरला आहे की प्रयोगशाळेने आरएनेज पीच्या सीटीची रोजची नोंद ठेवावी, नमुने कुठल्या केंद्रावरून आले त्यानुसार ती वेगळी लावावी, आणि एखाद्या केंद्राचा मधला आकडा चढू लागला तर तिथे स्वॅब घेणाऱ्यांना तो कसा घ्यायचा हे पुन्हा एकदा दाखवावं.

इथे दोन पथ्यं सांगतो, कारण याच ठिकाणी जाणकारही फसतात. काही किटमध्ये माणसाचं जनुक नसतंच. त्याऐवजी एक्स्ट्रॅक्शनच्या वेळी प्रयोगशाळा प्रत्येक नमुन्यात एमएस२ नावाचा, माणसाशी काही संबंध नसलेला विषाणू ठरावीक प्रमाणात टाकते. एमएस२ ची कर्व्ह नीट आली तर एक्स्ट्रॅक्शन नीट झालं आणि नमुन्यात प्रतिक्रिया रोखणारं काही नव्हतं, एवढं सिद्ध होतं. स्वॅबवर पेशी आल्या होत्या की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही, कारण तो नाकातून आलेलाच नाही. रिकामी कांडी बाटलीत टाकली तरी एमएस२ चोख येईल. दुसरं पथ्य त्याहून सूक्ष्म आहे. आरएनेज पीचे बरेचसे प्रायमर माणसाच्या आरएनएबरोबर डीएनएलाही पकडतात. डीएनए चिवट असतो, आरएनए उन्हात आणि उशिरात तुटतो. मुरबाड किंवा शहापूरकडून निघालेला डबा बर्फ वितळल्यावरही तासन्‌तास गाडीत राहिला, तर विषाणूचा आरएनए झिजेल पण आरएनेज पी तसाच झोकात येईल. तेव्हा चांगला आरएनेज पी म्हणजे पेशी आल्या होत्या. नमुना थंड राहिला होता, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यासाठी डब्याचं तापमान आणि वेळ लिहिलेला कागदच पाहावा लागतो.

उलट बाजूने होणारी एक गफलतही इथेच नोंदवतो. विषाणू प्रचंड असेल, सीटी १३-१४ असेल, तर तो नळीतली रसायनं इतक्या वेगाने खातो की माणसाच्या जनुकाला काही उरत नाही आणि कंट्रोल फेल दिसतो. असा नमुना 'अवैध' म्हणून परत पाठवणं चूक आहे. तो पॉझिटिव्हच आहे. उलट त्याच्या शेजारच्या नळ्यांकडे पाहायला हवं. तिथे ३५-३६ चे एक-दोन नवे पॉझिटिव्ह उगवले असतील तर ते रुग्णांचे की शेजाऱ्याचे शिंतोडे, हे पुन्हा एक्स्ट्रॅक्शन करूनच ठरवावं. उशिराच्या प्रत्येक पॉझिटिव्हची कर्व्ह डोळ्यांनी पाहावी. खरी कर्व्ह वळण घेऊन चढते. रेघ सरपटत, तिरकी वर जात थ्रेशोल्डला चाटून गेली असेल, तर यंत्र आकडा छापेल, पण तो सीटी नव्हे.

आता त्या २४ कडे परत येऊ. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. २०२० मध्ये कॅनडातल्या विनिपेग इथल्या संशोधकांनी ९० पॉझिटिव्ह नमुने पेशींवर वाढवून पाहिले. जिवंत विषाणू वाढला तो २६ मध्ये, आणि सीटी २४ च्या वर किंवा लक्षणांना आठ दिवस उलटून गेल्यावर एकाही नमुन्यात तो वाढला नाही. त्याच वर्षी फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या प्रयोगशाळेनेही तसाच प्रयोग केला. तिथे सीटी १७ पर्यंतच्या नमुन्यांत विषाणू हमखास वाढत होता, पुढे हे प्रमाण हळूहळू घटत गेलं आणि ३४ पासून वर ते शून्यावर आलं. विषाणू तोच, प्रश्न तोच, आणि उत्तरांत दहा सायकलींचं, म्हणजे हजारपट, अंतर. विनिपेगचा २४ ठाण्यात आणायचा की मार्सेचा ३४? खरं उत्तर असं की ज्या प्रयोगशाळेने आपल्या किटवर, आपल्या व्हीटीएमवर, आपल्या हातांनी कल्चर करून तो आकडा काढला त्याच प्रयोगशाळेचा तो आहे. दुसरीकडे नेला की तो आकडा राहतो, अर्थ मागेच राहतो.

आयसीएमआरने हे ऑगस्ट २०२० मध्येच सूचनापत्र काढून सांगितलं होतं. सीटीवरून आजाराची तीव्रता किंवा संसर्ग पसरवण्याची क्षमता ठरवू नये, कारण तो किट, स्वॅब घेण्याची पद्धत, वाहतुकीचं तापमान, लागलेला वेळ, पिपेट आणि माणूस या सगळ्यांवर अवलंबून आहे. शिवाय लक्षणं नसलेल्यांचे आणि पुढे गंभीर होणाऱ्यांचे सीटी सारखेच दिसतात. ते पत्र किती दवाखान्यांत वाचलं गेलं असेल याबद्दल मला शंका आहे. त्यातलं एक वाक्य मात्र प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर हवं होतं: आजाराच्या अगदी सुरुवातीला सीटी जास्त असू शकतो आणि नंतर तो बदलू शकतो. पहिल्या दिवशी ३३ आलेला माणूस दोन दिवसांनी १८ वर असू शकतो. तिसऱ्या आठवड्यात ३३ आलेला माणूस बहुधा विषाणूचे तुटलेले अवशेष बाळगत असतो. दोघांच्या रिपोर्टवर आकडा एकच. फरक फक्त ताप कधी सुरू झाला या प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न यंत्र विचारू शकत नाही.

मग सीटीचा उपयोगच नाही का? आहे, आणि आपल्या भागाने तो एकदा अगदी जवळून पाहिला आहे. ४ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण जाहीर झाला, तो डोंबिवलीचा. दक्षिण आफ्रिकेहून दुबई-दिल्ली मार्गे आलेला प्रवासी, लक्षणं सौम्य. देशात त्याआधी कर्नाटकात दोन आणि गुजरातेत जामनगरला एक, एवढेच रुग्ण सापडले होते. कुठला प्रकार आहे हे सांगायला जनुकीय क्रमवारी लावावी लागते, आणि तिला आरएनए पुरेसा, अखंड लागतो. म्हणून क्रमवारीला नमुने निवडताना सीटी साधारण २५ च्या आतला हवा, अशी चाळणी लावली जात असे. ३३ सीटीच्या नमुन्यातून जीनोमचे तुकडे मिळतात, मधे मोठमोठी भगदाडं राहतात आणि नाव ठरवता येत नाही. इथे सीटी रुग्णाबद्दल काही म्हणत नाही. या बाटलीत पुढच्या कामापुरता माल आहे का, एवढंच तो सांगतो, आणि त्यासाठी तो अगदी योग्य माप आहे.

त्याच हिवाळ्यात सीटीचा दुसरा एक उपयोगही दिसला. तीन जनुकं तपासणाऱ्या एका प्रचलित किटमध्ये ओमायक्रॉनच्या पहिल्या उपप्रकाराचं एस जनुक उचलतच नव्हतं, कारण प्रोब जिथे बसतो तिथले दोन अमिनो आम्लांइतके कोड, ६९ आणि ७० क्रमांकांचे, विषाणूने गमावले होते. क्रमवारी यायला अनेक दिवस लागत, ही खूण त्याच संध्याकाळी हातात असायची. पण ती वाचतानाही नमुन्याचा दर्जा आधी पाहावा लागतो. एन २०, ओआरएफ २१, एस गायब, तर ती विषाणूतल्या बदलाची खूण. एन ३५, ओआरएफ ३६, एस गायब, तर ती केवळ विरळ नमुन्याची खूण. तिथे तिन्हीपैकी कुठलंही जनुक योगायोगाने हुकलं असतं. आणि एस नीट आला म्हणून ओमायक्रॉन नाही असंही म्हणता येत नव्हतं, कारण बीए.२ हा पुढचा उपप्रकार ते दोन कोड शाबूत ठेवून आला.

कल्याणच्या गौरीपाड्यात जुलै २०२० मध्ये महापालिकेच्या पुढाकाराने प्रयोगशाळा सुरू झाली. त्याआधी या पट्ट्यातले नमुने मुंबईच्या वाटेला लागत. स्वॅब घेणारा आणि रन पाहणारा माणूस एकाच शहरात आल्याने एक मोठी सोय झाली, जिचा पुरता फायदा आपण घेतला नाही असं मला वाटतं. आरएनेज पी ३३ आला की केंद्रावर फोन करून त्याच संध्याकाळी दुसरा स्वॅब मागवता येतो. ही यंत्रं आता स्वाइन फ्लूपासून इतर अनेक विषाणूंच्या चाचण्यांसाठी वापरता येतात, आणि माणसाचं जनुक मोजणाऱ्या किटच्या प्रत्येक रनमध्ये तो दुसरा रकाना संगणकावर उमटत असतो. रिपोर्टच्या नमुन्यात आम्ही त्यासाठी जागा ठेवली आहे: विषाणूच्या कुठल्या जनुकाचा सीटी, कुठल्या किटवर, मानवी कंट्रोलचा सीटी किती, स्वॅब कधी घेतला आणि कधी पोहोचला, आणि लक्षणं सुरू होऊन किती दिवस झाले. शेवटचा रकाना प्रयोगशाळेला भरता येत नाही. तो नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरने फॉर्मवरच भरून द्यावा. दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात त्या फॉर्मपासूनच केली आहे.